तुपाच्या फोटोतल्या पिवळेपणावरून गाईचा चारा ओळखता येतो का?

रवाळ_कणी
मदत हवी आहे. एकाच गोठ्यातून गाईच्या तुपाच्या दोन बरण्या घेतल्या, मध्ये तीन महिन्यांचं अंतर. दोन्ही वेळा मी फोटो काढून ठेवले होते. पहिलं तूप सोन्यासारखं पिवळंधमक दिसतं, दुसरं जवळजवळ दुधाळ. गोठेवाले म्हणतात, "गाई त्याच, चारा तोच." फोटोंवरून त्यांचं खोटं पकडता येईल का? पहिली बरणी अजून अर्धी शिल्लक आहे.

तूपरोटी
सोपं आहे. पिवळं ते गाईचं, पांढरं ते म्हशीचं. दुसऱ्या बरणीत म्हशीचं दूध मिसळलंय.

गोठ्यातली_सून
अर्धंच बरोबर. हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गाईच्या दुधातल्या स्निग्धात उतरतं, त्याचा हा पिवळेपणा. म्हैस ते जवळजवळ सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. पण गाय महिनोन्महिने वाळलेल्या कडब्यावर असली तरी तूप फिकं पडतं, कारण उन्हात वाळवताना चाऱ्यातलं कॅरोटीन बरंच उडून जातं. जातीचाही फरक असतो. जर्सीचं तूप होल्स्टीनपेक्षा जास्त पिवळं येतं, दोघींना एकाच गव्हाणीत बांधलं तरी.

आणि चारा बदलला की दुसऱ्याच दिवशी रंग बदलत नाही. अंगातल्या चरबीत साठलेलं कॅरोटीन काही काळ दुधात येत राहतं. म्हणून रंगावरून आजचा चारा सांगणं मला तरी जमणार नाही.

घाण्याचा_पंखा
माझ्याकडे शेंगदाणा तेलाचं असंच झालं! घाण्याचं गडद, डब्यातलं अगदी फिकं. फिकं म्हणजे भेसळ ना?

निळा_चॅनल
तेलाची गोष्ट वेगळी आहे. रिफाइंड तेल कारखान्यात मातीतून गाळून रंग काढूनच येतं. ते फिकं असणारच, भेसळ असो वा नसो. त्याला वेगळा धागा काढा.

रवाळ_कणी, चाऱ्याआधी फोटो तपासा. तीन प्रश्न: तूप पातळ होतं की गोठलेलं? उजेड कशाचा होता? बरणी किती भरलेली होती?

रवाळ_कणी
पहिला फोटो रात्रीचा, पिवळ्या दिव्याखाली, तूप पातळ, बरणी काठोकाठ. दुसरा दुपारी खिडकीत, तूप गोठून कणीदार, बरणीत तळाशी चार बोटं.

निळा_चॅनल
मग हे दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. गोठल्यावर कणांवरून उजेड विखुरतो आणि तेच तूप पांढरट दिसतं. पातळ तुपाचा थर जाड असला की आरपार बघताना रंग गडद होत जातो. वर पिवळा दिवा.

पहिल्या फोटोत मागे काही पांढरं आहे का? कोणत्याही फोटो संपादकात रंग उचलायची पिचकारी असते, तिने त्यावर टिचकी मारा. कॅरोटीन निळा उजेड शोषतं, म्हणून लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांत निळ्यावर लक्ष ठेवायचं.

रवाळ_कणी
मागे कॅलेंडरचा कोरा कागद आहे. आकडे २५१, २२८, १७६. तुपाचा निळा ४०. दुसऱ्या फोटोत तुपाचा निळा १७०.

निळा_चॅनल
बघा, कोरा कागदच पिवळा आलाय! तिथे तीनही आकडे जवळपास सारखे हवे होते. पण त्यावरून हिशोबाने रंग दुरुस्त करत बसू नका, थराच्या जाडीचं आणि गोठण्याचं काय करणार? दोन्ही तुपं पुन्हा मोजा. एकसारख्या दोन काचेच्या पेल्यांत सारखंच तूप, दोन्ही कोमट पाण्यात ठेवून पूर्ण पातळ करा, खाली पांढरा कागद, दिवसा सावलीत, आणि दोन्ही पेले एकाच फोटोत.

रवाळ_कणी
केलं. कागदाचे तीनही आकडे २२०च्या आसपास. निळा: पहिलं ९२, दुसरं ११८. म्हणजे १३० चा फरक २६ वर आला! पण शून्य झाला नाही.

तूपरोटी
तो २६ म्हणजेच म्हैस!

गोठ्यातली_सून
किंवा कडबा. किंवा कोणत्या गाई तेव्हा दुभत्या होत्या ते. जुनी बरणी उजेडात राहिली असेल तर तिचं कॅरोटीन थोडं उडालेलंही असेल, मग मूळ फरक याहून मोठा होता. बरणी कुठे ठेवली होतीत?

रवाळ_कणी
फडताळात, अंधारात. गोठेवाल्यांना परत विचारलं. आता म्हणतात, "चारा तोच, पण हिरवा नाही, त्याचाच वाळवलेला." हे आधी सांगितलं असतं तर!

निळा_चॅनल
पटण्यासारखं आहे, तरी म्हशीच्या थोड्या दुधानेही हाच आकडा आला असता. आणि वनस्पती तुपात वरून रंग घातला तर तुमच्या पेल्यात ते पहिल्या बरणीहून छान दिसेल. शंका टिकली तर प्रयोगशाळेत नमुना द्या. तिथे स्निग्धाम्लं मोजतात, रंग नाही.

घाण्याचा_पंखा
माझ्या तेलाचं कुणी सांगेल का?