विषय: तातडीचं: खसखस खाल्ली आणि उद्या ड्रग टेस्ट

प्रेषक: माधवी

नमस्कार मंडळी,
आम्ही परवा दादरला पोचलो. आईने निखिलसाठी अनारसे केले होते, त्याने काल रात्री नऊच्या सुमारास बसल्या बैठकीला सहा खाल्ले. शिवाय कोंबडीच्या रश्श्याला खसखस-खोबऱ्याचं वाटण होतंच. उद्या सकाळी दहाला अंधेरीत त्याची जॉइनिंगची मेडिकल आहे आणि त्यात लघवीची ड्रग टेस्ट. बुधवारी जहाज. मागे इथे खसखशीवरून वाद झाला होता तो आत्ता आठवला आणि पोटात गोळाच आला. खरंच रिपोर्टवर काही येतं का? तारीख पुढे ढकलू का?

प्रेषक: अनंतराव

माधवी, निर्धास्त राहा. खसखस म्हणजे अफूच्या झाडाची बी, पण अफू असते बोंडाच्या चिकात, बीमध्ये नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातसुद्धा झाडाचे बाकी सगळे भाग धरलेत आणि बी तेवढी वगळली आहे. माझा मावसभाऊ नीमचला नोकरीला होता. तिथे हिरव्या बोंडाला चिरे पाडून चीक आधीच खरवडून घेतात, बोंड वाळल्यावर मग बी काढतात. चीक गेला, विषय संपला. दादरच्या कुठल्याही वाण्याकडे खसखस उघड्यावर मिळते, ती काय उगाच?

प्रेषक: उल्का

माधवी, येताना खसखस मुळीच आणू नकोस! तुमचं विमान दुबईमार्गे आहे ना? अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही. माझ्या बॅगेतला मसाल्याचा डबा मी निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंना परत दिला होता. वाटलेली असो वा अख्खी, नकोच.

प्रेषक: बापटकाका

उल्का, प्रश्न बॅगेचा नाही, तपासणीचा आहे. आणि सर्वांना विनंती, शनिवारच्या फराळाच्या नोंदणीचा धागा वेगळा आहे, कालपासून तिथे अनारशांची चर्चा चालू झाली आहे. ती तिथेच ठेवा. डॉ. शर्वरी, तुम्ही याच कामात आहात, कृपया उत्तर द्या.

प्रेषक: शर्वरी

माधवी,
अनंतरावांचं अर्धं बरोबर आहे. टेस्टमध्ये शोधतात ते अफूतलं मॉर्फीन बी स्वतः जवळजवळ बनवत नाही. पण बोंड फोडताना, मळणी करताना चिकाचे सुकलेले कण आणि टरफलाचा भुगा बीच्या अंगाला चिकटतात. चीक काढून घेतला तरी बोंडात थोडा उरतोच. म्हणून एका पोत्यात जवळजवळ काही नसतं आणि दुसऱ्यात भरपूर. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

आता निखिलचा हिशेब. एका अनारशाला साधारण दोन ग्रॅम खसखस लागते, म्हणजे सहांना बारा ग्रॅम. युरोपात दुकानातल्या खसखशीला किलोमागे २० मिलिग्रॅम मॉर्फीनची कमाल मर्यादा आहे. तुमची खसखस तेवढ्यावर असेल तर त्याच्या पोटात पाव मिलिग्रॅमच्याही आत गेलं. दीड लिटर लघवीत ते सगळं पसरलं असं धरलं तरी मिलिलीटरला १६० नॅनोग्रॅमच्या आसपास येतं. पण खसखस अस्वच्छ असेल, समजा किलोमागे १०० मिलिग्रॅमची, तर तोच आकडा ८०० होतो. सकाळची पहिली लघवी दाट असते, तिच्यात आणखी चढा. रश्श्यातली खसखस यात धरलेली नाही.

खरा प्रश्न लॅबची रेषा कुठे आहे हा आहे. तपासणीच्या काही पट्ट्यांची रेषा ३०० वर ओढलेली असते, काहींची २००० वर. अमेरिकेत सरकारी तपासणीची मर्यादा १९९८ साली ३०० वरून २००० केली, त्यामागे खसखस हे एक कारण होतंच. ८०० आला तर एका पट्टीवर पॉझिटिव्ह, दुसऱ्यावर निगेटिव्ह. माणूस तोच, अनारसे तेच.

तुझ्या बाजूने एक गोष्ट आहे. उद्या दहापर्यंत सदतीस तास होतील. बहुतेक मॉर्फीन पहिल्या दिवसात निघून जातं, दोन दिवसांनी क्वचितच सापडतं. तारीख ढकलण्याची गरज मला वाटत नाही. मात्र आजच फोन करून विचार की पट्टी कितीची आहे, आणि नमुना देण्याआधी फॉर्मवर खसखशीचे पदार्थ आणि घेतलेली औषधं लिहून घे. नंतर सांगितलं की सबब वाटते.

प्रेषक: सचिन

मी जहाजावर सतरा वर्षं काढली. २०१६ ला माझ्याच नमुन्यात पट्टी पॉझिटिव्ह आली होती. खोकल्याचं औषध घेतलं होतं, कोडीनवालं, आणि मी ते लिहिलंच नव्हतं. कंपनीने नऊ दिवस घरी बसवलं, नंतर मशीनवरच्या तपासणीत सुटलो. निखिलला सांगा, आज रात्री भरपूर पाणी पिऊन जा, सगळं धुऊन निघतं.

प्रेषक: शर्वरी

सचिन, पाण्याचं मात्र नको. लघवीत क्रिएटिनिन फार कमी आलं की नमुना पातळ म्हणून लिहितात आणि पुन्हा बोलावतात. त्यात संशय वाढतो. नेहमीसारखं पाणी पिऊ दे.

तुमची गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. पट्टी फक्त संशय दाखवते. पॉझिटिव्ह आली तर त्याच नमुन्याची मशीनवर पुष्टी मागायची. हेरॉइन घेतलं असेल तर लघवीत मोनोअसेटिलमॉर्फीन हा खास पदार्थ थोडा वेळ सापडतो, खसखशीतून तो कधीच येत नाही. तो नाही म्हणून माणूस सुटला असं मात्र नाही, कारण तो काही तासांतच जातो. अफूच्या झाडातलंच थेबेन हे द्रव्य सापडलं तर खसखशीच्या बाजूने वजन पडतं, पण कच्ची अफू खाणाऱ्याच्या लघवीतही ते येतं. त्यामुळे खसखस आणि अफू यांत फरक करताना अडचण उरते. तिथे आकडा किती मोठा आहे ते पाहून डॉक्टरला ठरवावं लागतं.

प्रेषक: माधवी

फोन लागला. पट्टी ३०० चीच आहे! बाई म्हणाल्या, खसखशीचं कुणी आजवर विचारलं नाही, पण फॉर्मवर लिहा, आम्ही नोंद करू. लिहून घेतलं. रात्रभर झोप नाही.

प्रेषक: माधवी

(सोमवार, दुपार) झालं. टेस्टच्या जागी एक रेघ अगदी फिकट आली होती, तिथला मुलगा "जरा थांबा" म्हणाला तेव्हा निखिलचा चेहरा पडला. मग डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, रेघ फिकट असली तरी रेघ आहे, म्हणजे निगेटिव्ह. अजिबात न उमटली तर पॉझिटिव्ह. मला वाटत होतं नेमकं उलटं. बुधवारचं जहाज पक्कं. शर्वरी, तुझे उपकार.

प्रेषक: अनंतराव

म्हणजे काही नव्हतंच. मी म्हणालो होतो. शर्वरीबाई, खसखस धुऊन वापरली तर?

प्रेषक: शर्वरी

अनंतराव, निगेटिव्ह म्हणजे ३०० च्या खाली, काहीच नव्हतं असं नाही. फिकट रेघेवरून किती होतं ते मी सांगू शकत नाही. धुण्याने फरक पडतो, मॉर्फीन वरच चिकटलेलं असतं. कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, दोनदा. रश्श्यासाठी तेच करा, वाटण नंतर शिजतंही. अनारशाची अडचण वेगळी. खसखशीची बाजू वर ठेवून तळतात आणि उलटवत नाहीत, तिला तेलाचा ताप कमीच लागतो.

प्रेषक: उल्का

धुतलेली खसखस पिठाला चिकटत नाही, ओली असेल तर अनारसा हसतो आणि तेलात विरतो. धुऊन कापडावर सावलीत दोन दिवस वाळवा, मग थापा. मी यंदा तसंच करणार आहे.

प्रेषक: बापटकाका

शनिवारच्या फराळाचे अनारसे दोन ताटांत ठेवू, एक धुतलेल्या खसखशीचं. ज्यांच्या नोकरीत अशी तपासणी असते त्यांनी नोंदणीच्या धाग्यात तसं लिहा. डब्यावर सूचना छापायची की नाही यावर समितीत एकमत झालेलं नाही.