मदत हवी आहे: शाळेतल्या कंपोस्टला पावसाळ्यात वास मारतोय

खानापूर भागातली मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी. पोरांना ओला-सुका कचरा कळावा म्हणून रिले रेस घेतो, मधे मिक्स कचऱ्याचा ढीग, प्रत्येकानं एक वस्तू उचलायची नि पळत जाऊन हिरव्या नाहीतर निळ्या बादलीत टाकायची, चुकीच्या बादलीत गेली की टीमला पाच सेकंद दंड. केळ्याची साल, अंड्याची टरफलं बरोबर जातात, गोंधळ होतो तो कागदी चहाकपावर, आतून प्लास्टिकचा थर असतो ते पोरांना दिसत नाही. आता कप फाडून तो थर सोलून दाखवतो, तेवढं जमलं.

अडलंय ते पुढं. हिरव्या बादलीतलं नि दुपारच्या जेवणाच्या भाजीची देठं-साली भोकं पाडलेल्या ड्रममधे टाकतो, तेच खत मेथी-टोमॅटोच्या वाफ्याला द्यायचंय. उन्हाळ्यात छान काळं, भुसभुशीत झालेलं. जुलै लागल्यापासून मात्र मूठ दाबली की पाणी गळतंय, आंबूस वास नि आळ्या. सांबार-भात टाकायचं बंद केलं, वर पत्रा ठेवला, आठवड्यातून दोनदा हलवतो, तरी तेच. वाळलेला पाला इथं पावसात मिळतच नाही हो, सगळा भिजलेला. उसाचं पाचट नि लाकडाचा भुसा मिळेल. गांडूळ आत्ता नको, खर्चही फार नको.

तर एक बादली ओल्या कचऱ्याला पाचट किंवा भुसा किती बादल्या घालायचा, नि आत्ताचा चिकट माल त्यातच मिसळून सुधारेल का ड्रम रिकामाच करावा लागेल?