'काम संपवून…' : कर्ता जुळतो का?

> "'काम संपवून बस निघून गेली' हे वाक्य का खटकतं? शब्द तर सगळे बरोबर आहेत."

'ऊन'वालं क्रियापद सहसा स्वतःचा कर्ता आणत नाही, मुख्य क्रियापदाचाच घेतं. इथे तो कर्ता बस. वाक्य तोडून पाहा : 'बसने काम संपवलं. बस निघून गेली.' पहिला तुकडा अर्थहीन झाला, म्हणजे दोष तिथेच आहे.

करणारे दोन असतील तर 'ल्यावर' घ्या, त्याला स्वतःचा कर्ता चालतो : 'आम्ही काम संपवल्यावर बस निघाली.' 'ऊन'च ठेवायचं असेल तर मुख्य वाक्य आपल्याकडे वळवा : 'काम संपवून आम्ही थांब्यावर पोचलो, तोवर बस गेली होती.'

मात्र केवळ प्रथमेतला शब्द पाहून चूक ठरवू नका. 'पत्र वाचून मला राग आला' यात प्रथमेत 'राग' आहे, तरी वाचणारा आणि रागावणारा एकच, त्यामुळे वाक्य निर्दोष. म्हणून प्रश्न 'कर्ता कोणता?' असा नको, 'हे कोणी केलं आणि पुढचं कोणाला झालं?' असा हवा. 'त्याला जाऊन दोन वर्षं झाली' ही काळ मोजणारी रचना मात्र वेगळीच, तिला ही कसोटी लावू नये.