मदत हवी आहे: रेसिडेंट इव्हिल २ (२०१९) मध्ये गोळ्या पुरत नाहीत

निशाचर: मी लिऑनचा खेळ स्टँडर्ड पातळीवर खेळत असून पोलीस ठाण्यातच अडकलो आहे. हँडगनच्या ९ गोळ्या आणि शॉटगनची ३ काडतुसे उरली आहेत. आठही जागा भरल्यामुळे समोर दिसणारी बंदुकीची दारू उचलता येत नाही. पश्चिमेकडील कॉरिडॉरमध्ये दोन झोम्बी आहेत. त्यांना मारावे की टाळावे?

सावली: डोक्यावरच नेम धरा, गोळ्या वाचतात.

जुनाखेळाडू: डोके एखाद्या गोळीत फुटते, पण पुष्कळदा पाच-सहा गोळ्या खाऊनही झोम्बी उठतो, म्हणून त्यावर हिशेब मांडता येत नाही. त्या कॉरिडॉरमधून अजून किती वेळा जायचे आहे, ते आधी मोजा. एकदाच जायचे असेल, तर जवळच्या झोम्बीच्या गुडघ्यावर दोन-तीन गोळ्या झाडा आणि तो कोसळताच बाजूने निघून जा. वारंवार जायचे असेल, तर मात्र दोघांना कायमचे संपवणेच स्वस्त पडते. पेटीत फळ्या असतील तर तिथल्या खिडकीला ठोका. बाहेरचे आत येणे थांबते आणि फळ्यांची जागाही मोकळी होते.

जागेसाठी एक करा. पेटीजवळ आलात की बंदुका पूर्ण भरून घ्या, कारण बंदुकीत भरलेल्या गोळ्या वेगळी जागा घेत नाहीत. ज्या किल्लीवर लाल खूण आली आहे, तिचे काम संपले आहे. ती टाकून द्या.

धुके: मला आलेला अनुभव सांगते. मारलेले झोम्बी नंतर लाल होऊन धावत अंगावर आले होते, म्हणून रॉकेल ओतून प्रेते जाळावी लागली. तेव्हा मारण्यापेक्षा पळणेच बरे.

जुनाखेळाडू: ते २००२ सालच्या पहिल्या भागाच्या नव्या आवृत्तीत होते, येथे तसे होत नाही. येथे पडलेला झोम्बी खरोखर मेला आहे का, एवढेच पाहायचे. चाकूचा एक वार केल्यावर अंग हलले, तर तो जिवंत आहे. काळ्या टोपीचा तो उंच माणूस ठाण्यात फिरू लागला की गोळीचा आवाज त्याला तुमच्याकडे आणतो, त्यामुळे हे काम त्याच्या आधी उरकलेले बरे.

निशाचर: किल्लीवर लाल खूण होतीच! ती टाकून दारू उचलली आणि पेटीतल्या दारूत मिसळून हँडगनच्या गोळ्या केल्या. एका झोम्बीचा पाय निकामी करून पलीकडे गेलो. चाकू मात्र दुसऱ्याने पकडल्यावर त्याच्या अंगात रुतून राहिला आहे. तो परत मिळवण्यासाठी त्याला मारणे परवडेल का?

सावली: चाकू जवळजवळ झिजला असेल, तर सोडून द्या.

जुनाखेळाडू: मी तरी परत गेलो असतो. किती झिजला आहे?