अनुभव धागा : ‘जय हरी’ कुठे सहज येते आणि कुठे ओढूनताणून वाटते?

धागाकर्ता, मंगळवार पेठ
कोल्हापुरात एका दिवसात माणसाला रामराम, नमस्कार, जय शिवराय, जय भीम, जय जिनेंद्र आणि जय हरी एवढे सगळे ऐकायला मिळते. यातले ‘जय हरी’ किंवा ‘राम कृष्ण हरी’ अलीकडे वारकऱ्यांच्या बाहेरही बरेच वापरले जाऊ लागले आहे, आणि काही तोंडी ते शोभते तर काही तोंडी खटकते, असे मला सतत जाणवते. मते सर्वांकडेच असतात, म्हणून आपण स्वतः काय पाहिले आणि अनुभवले तेवढेच लिहावे, ही विनंती.

खिडकी क्रमांक दोन
मी एका पतसंस्थेत काम करते. संस्थेचे नाव लिहीत नाही. वरिष्ठांनी एके दिवशी फर्मान काढले की दूरध्वनी उचलताना ‘हॅलो’ऐवजी ‘राम कृष्ण हरी’ म्हणायचे. आलेले फोन उचलताना ते निभावून गेले. अडचण थकबाकीदारांना आम्ही स्वतः फोन करायचा तेव्हा झाली, कारण ‘राम कृष्ण हरी, आपले मागचे तीन हप्ते थकले आहेत, जामीनदारांना नोटीस निघेल’ हे वाक्य एका दमात बोलताना मलाच कसेसे होई. पलीकडून एक शेतकरी आजोबा शांतपणे म्हणाले, “बाई, देवाचं नाव घेऊन झालं असंल तर आता सांगा, किती भरायचं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागले. गंमत अशी की हेच आजोबा पैसे भरायला आले तेव्हा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. खिडकीपाशी येताच ते आपणहून ‘जय हरी’ म्हणाले आणि माझ्या तोंडूनही न ठरवता ‘जय हरी’ गेले.

करवीरकर
माळ घातलेल्यानेच ‘जय हरी’ म्हणावे, इतरांनी म्हणू नये, असा वारकरी संप्रदायाचा नियमच आहे. माळ नसलेला माणूस म्हणतो तेव्हा ते खोटे वाटते, याचे कारण हेच आहे.

नंदवाळचा टाळकरी
करवीरकरांचे निरीक्षण बरोबर असले तरी नियम मात्र तसा नाही. माळेबरोबर एकादशी, मद्यमांस वर्ज्य आणि पंढरीची वारी ही बंधने येतात, पण नामावर कोणाचीही मालकी नाही. माळ ही समोरच्यासाठी खूण असते. माळ, कपाळीचा गोपीचंदन आणि बुक्का दिसला की पहिला शब्द कोणता असावा याचा विचारच करावा लागत नाही.

खरे तर आमच्यात हा नमस्कार केवळ तोंडाचा नाही. आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी निघते आणि पुईखडीच्या माळावर रिंगण होते. तिथे दोन वारकरी भेटले की एकजण दुसऱ्याच्या कपाळी बुक्का लावतो, ‘राम कृष्ण हरी, माऊली’ म्हणत वाकून पायाला हात लावतो, आणि दुसराही त्याच क्षणी वाकतो, मग तो सत्तर वर्षांचा असो वा शाळकरी पोर असो. घाईत डोक्याला डोकी लागतात. विणेकऱ्याच्या गळ्यातला वीणा पहारा संपला तरी खाली ठेवायचा नसतो. म्हणून पहारा बदलताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून थेट दुसऱ्या गळ्यात जातो. कीर्तन चालू असताना उशिरा आलेला माणूस मात्र मोठ्याने ‘जय हरी’ म्हणत नाही, तो जमिनीला हात लावून गुमान टाळ उचलतो.

नवखा माणूस कसा ओळखू येतो, तर वयाने मोठा वारकरी पायाशी वाकला की तो संकोचून पाय मागे घेतो आणि “अहो, तुम्ही कशाला” म्हणतो. पाय मागे घ्यायचे नसतात, आपणही वाकायचे असते. ते एकदा अंगवळणी पडले की तोंडचा शब्द आपोआप सहज होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

डोंगराखालचा
मुळात जय हरी हा कोल्हापूरचा नमस्कारच नव्हे. आपला नमस्कार म्हणजे ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’. गाडीच्या मागेसुद्धा तेच लिहिलेले असते. मग बाहेरचे कशाला आणायचे?

धागाकर्ता, मंगळवार पेठ
प्रश्न कोणता नमस्कार कुठला असा नव्हता. शिवाय चैत्र यात्रेत सासनकाठी उचलताना एकजण ‘जोतिबाच्या नावानं’ म्हणतो आणि शेकडो लोक ‘चांगभलं’ म्हणून ती आरोळी पुरी करतात. बाजारात एकटादुकटा ओळखीचा भेटल्यावर आपण तसे म्हणतो का?

डोंगराखालचा
आदमापूरच्या बाळूमामांचे भक्त फोनवरसुद्धा ‘चांगभलं’ म्हणतात. माझे मेहुणे रोज म्हणतात आणि त्यात ओढूनताणून काही नसते.

निवृत्त वाहक, कागल
मी मुसलमान आहे आणि एसटीत वाहक होतो. गावात आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘रामराम पाव्हणं’ चालत आले आहे, त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पंढरपूरच्या जादा गाडीत म्हाताऱ्या बायका चढतानाच “जय हरी, माऊली, कवा पोचंल गाडी?” असे विचारीत. त्यांच्या दृष्टीने गाडीत भेटेल तो माऊली होता, माझ्या छातीवरची नावाची पट्टी कोणी वाचत नसे. मीही ‘जय हरी’ म्हणून तिकीट फाडत असे. पुढे एका सत्कार समारंभात वक्त्याने सर्वांना हात वर करून ‘जय हरी’ म्हणायला लावले आणि कोण म्हणत नाही तिकडे तो बघू लागला. तेव्हा तोच शब्द माझ्या घशात अडकला. शेजारी बसलेला माळकरी मित्रही गप्प होता.

राजारामपुरीची सून
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सासरे वारले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना काय बोलावे ते सुचत नसे. ‘नमस्कार’ विचित्र वाटे, ‘कसे आहात’ त्याहून विचित्र. त्यांची भजनी मंडळातली माणसे मात्र दारात चपला काढून हलक्या आवाजात ‘राम कृष्ण हरी’ म्हणत आत आली, सासूबाईंनी तेच उत्तर दिले आणि सगळे सतरंजीवर बसले. निघताना आपल्याकडे दुःखाच्या घरी ‘येतो’ म्हणत नाहीत, त्यामुळे बाकीचे अवघडून उठत. या मंडळींनी पुन्हा ‘राम कृष्ण हरी’ म्हटले आणि ती गेली. माझे निरीक्षण असे की त्या दहा दिवसांत त्यांच्यापैकी कोणीही ‘जय हरी’ म्हटले नाही. तसा काही संकेत आहे का?

नंदवाळचा टाळकरी
तसा संकेत मला कोणी सांगितलेला नाही. अंत्ययात्रेत आम्ही टाळमृदंगावर ‘राम कृष्ण हरी’ म्हणतच चालतो, त्यामुळे त्या घरात तेच तोंडी येत असावे.

करवीरकर
आमच्या गल्लीत दुखवट्याच्या घरीही ‘जय हरी’ म्हणतात. मी स्वतः ऐकले आहे.

राजारामपुरीची सून
म्हणणारे माळकरी होते का?

करवीरकर
दोघे होते. तिसरे आमचे नगरसेवक होते, त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही.