समोरून येणाऱ्याला नमस्कार नेमका कधी करता?

पहाटफेरी: रोज सकाळी टेकडीवर जाते. सरळ वाटेवर समोरचा माणूस फार लांबून दिसतो. लगेच हसावं तर तो जवळ येईपर्यंत करायचं काय, आणि नजर खाली ठेवावी तर टाळल्यासारखं दिसतं. तुम्ही काय करता, लिहा.

रानवाट: वीस वर्षं डोंगर चालतोय. लांबून एकदा बघून घ्यायचं, मग नजर वाटेवर. चार-पाच पावलांवर आल्यावर मान वर करून बोलायचं. मागून जात असाल तर आठ-दहा पावलं आधीच आवाज द्या. कानाशी येऊन बोललं की माणूस दचकतो, आणि दचकलेला माणूस दरीकडे सरकेल की डोंगराकडे, सांगता येत नाही.

एकदा उतरताना एक गृहस्थ एकटेच चढताना भेटले. नमस्कार झाला म्हणून दोन शब्द झाले. कड्यावरून मागच्या वाटेने उतरणार म्हणाले. दुपारी घरचे शोधत आले. किती वाजता भेटले, कपडे कुठले, हातात काठी होती का, पुढे कुठला फाटा धरणार होते, हे सगळं मला सांगता आलं. मागच्या वाटेवरच सापडले, पाय मुरगळून बसलेले. नुसतं बाजूने गेलो असतो तर यातलं काहीच लक्षात राहिलं नसतं.

उतारावरून: नियम साधा आहे. वाट चढणाऱ्याला द्यायची आणि चढणाऱ्याने नमस्काराला उत्तर द्यायचं. न देणारा उद्धट.

रानवाट: पहिलं बरोबर, पण चढणाऱ्यालाच दम खायचा असेल तर तो थांबतो आणि आपण पुढे जायचं. दुसरं पटत नाही. उभ्या चढावर धाप लागलेल्याला शब्द फुटत नाही. बोट उचललं, मान हलली, तरी ते उत्तरच.

धूसर: मला लांबचं दिसत नाही आणि चालताना चष्मा घामाने धुरकटतो. चेहरा ओळखेपर्यंत माणूस निघून गेलेला असतो. ओळखीचे लोक रागावलेत माझ्यावर. आधी आवाज द्या हो, आवाजावरून मी लगेच ओळखते.

एकटीच: एकांना रोज नमस्कार करायचे. आठवड्याभरात ते सोबत चालायला लागले, उद्या किती वाजता येणार विचारायला लागले. शेवटी मी वेळ बदलली. आता फक्त मान हलवते आणि पावलं थांबवत नाही. आणि रानवाट, कुठल्या वाटेने जाणार हे मी अनोळखी माणसाला कधीच सांगणार नाही.

रानवाट: तुमचं म्हणणं मान्य. मग निघताना घरी वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवा. पण ते गृहस्थ घरी काही न सांगता निघाले होते, म्हणून मला अजून वाटतं की वाटेवर कुणाला तरी माहीत असावं.

पहाटफेरी: आणि गोल वाटेवर तोच माणूस दुसऱ्या फेरीला पुन्हा समोर आला तर?

धूसर: मी पुन्हा नमस्कार करते. पहिल्या वेळी तेच होते की नाही, मला कुठे माहीत असतं!