क्रोमा शूटमधल्या ‘स्पिल’ला मराठीत काय म्हणावं? झाक, झांई की आणखी काही?

क्रोमावाली, इंदूर
नमस्कार मंडळी, शब्द विचारायचाय पण आधी प्रसंग सांगते नाहीतर नीट कळणार नाही. आमची टीम म्हणजे मी, भाचा आणि वहिनी, बस. वहिनींचं एकपात्री शूट करतोय, मागे नंतर महेश्वरचा घाट टाकायचाय. वरच्या मजल्यावर 18 फुटी हॉल आहे, क्लॉथ मार्केटमधून हिरवं कापड आणून 9 फूट रुंदीचा पडदा शिवून घेतला, वहिनींना त्याच्यापुढे तीन फुटांवर उभं केलं. रविवारी ट्रायल घेतली तर मानेवर, कानामागे आणि पदराच्या कडेला सगळं हिरवट. मी ओरडले, “हिरवं येतंय!” भाच्याला वाटलं पडद्याचा कोपरा चुकीचा येतोय, त्याने कॅमेराच फिरवला. मग म्हटलं, “अरे झांई येतेय झांई,” तर वहिनी आरशापुढे जाऊन गालाला पावडर लावून आल्या, कारण इकडे झांई म्हणजे चेहऱ्यावरचे काळपट डाग. अर्धा तास असाच गेला. तर या हिरवटपणाला सेटवर पटकन ओरडता येईल असा मराठी शब्द कोणता?

एडिटर, बडोदा
स्पिलच म्हणा, सगळे तेच म्हणतात. आणि ते येतं पडदा जवळ असल्याने सावली पडते म्हणून, लांब उभं करा, सावली गेली की हिरवंही जाईल. उरलेलं एडिटमधे डीस्पिलने निघतं.

लाइटवाला, परदेशीपुरा
भाऊ, लांब करा हे बरोबर पण कारण वेगळंय. सावली पडद्यावर पडते, स्पिल माणसावर. पडद्यावर टाकलेला उजेड हिरवा होऊन परत फिरतो आणि माणसाच्या पाठीला, मानेला, कानामागे चिकटतो. सावली घालवायला समोरचा लाइट बाजूला सरकवला तरी भागतं, स्पिल त्याने हलत नाही.

ताई, मी वीस वर्षं लग्नं आणि जाहिराती करतोय, माझ्या मते तुम्हाला एक नाही, दोन शब्द लागतील. पडद्याचा उजेड अंगावर येतो ती झाक. आणि हिरवं काढून टाकल्यावर केसांभोवती, हलत्या बोटांभोवती जी पातळ हिरवी रेघ उरते ती कड. दोन्हीचे उपाय वेगळे. झाक दिसली की माणूस हलवा किंवा पडद्याचा लाइट कमी करा. कड दिसली तर माणूस हलवून काही होत नाही, तिथे शटर बघा, हात हलताना धूसर होतोय का. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 ठेवायचं म्हणजे साध्या ट्यूबचं लुकलुकणं येत नाही. हातवारे जास्त असतील तर 1/100 घ्या, फक्त उजेड दुप्पट लागेल.

झाक आहे की नाही ते बघायची सोपी रीत सांगतो. वहिनींवरचे सगळे लाइट बंद, फक्त पडद्यावरचे चालू. आता एक पांढरा कागद त्यांच्या खांद्याशी पडद्याकडे तोंड करून धरा आणि बाजूने बघा. कागद हिरवा दिसला तर तेवढा हिरवा उजेड त्यांच्या मानेवरही आहे. त्यांना पडद्यापासून लांब सरकवत जा, कागद जवळजवळ करडा वाटेपर्यंत.

क्रोमावाली, इंदूर
दादा हे फार कामाचं, पण लांब केलं तर 9 फुटांचा पडदा पुरेल का? कॅमेऱ्याला पण जागा हवी ना.

लाइटवाला, परदेशीपुरा
पुरेल, पण गुडघ्यापासून वरच घ्यायचं. हिशोब बघा. पडद्यापासून वहिनी 8 फूट, वहिनींपासून कॅमेरा 8 फूट, म्हणजे 16, कॅमेऱ्यामागे भाच्याला 2 फूट. कॅमेऱ्यापासून पडदा वहिनींच्या दुप्पट लांब, म्हणून वहिनी जेवढी जागा व्यापतात त्याच्या दुप्पट पडदा मागे लागतो. हात थोडे पसरून 3 फूट धरले तर 6 फूट रुंदी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत पावणेचार फूट तर साडेसात फूट उंची. बाकी फ्रेममधे भिंत दिसली, खिडकी दिसली तरी चालतं, ती एडिटला मास्कने कापायची. लोक अख्खी भिंत हिरवी करतात तिथेच चुकतात, हिरवं जेवढं जास्त तेवढी झाक जास्त. जास्तीच्या भागावर काळं कापड टाका. आणि पाय दाखवायचे नसतील तर जमिनीवर हिरवं अजिबात अंथरू नका, खालून येणारी झाक हनुवटीखाली बसते आणि निघता निघत नाही.

पडद्याला दोन्ही बाजूंनी एकेक लाइट, तिरपे, आणि त्यांचा उजेड वहिनींवर जाऊ द्यायचा नाही. पडदा वहिनींच्या चेहऱ्यापेक्षा उजळ नको, किंचित कमीच बरा. सगळीकडे सारखा हवा हे महत्त्वाचं, सुरकुतीची एक बाजू काळपट झाली तर तिथे भोकं पडतात. इस्त्री करा, खालून क्लिपा लावून ताणा.

साडीघर, महेश्वर रोड
झाक म्हणजे आमच्या धंद्यातला शब्द की! ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्याला आम्ही धूपछाव म्हणतो, वळलं की दुसरी झाक मारते. ताईंना माहेश्वरी हवी असेल तर अशी सुंदर निघते, हिरव्या-जांभळ्यात आहे माझ्याकडे.

लाइटवाला, परदेशीपुरा
काका, नेमकी तीच नको! वळल्यावर हिरवी झाक मारली की तिथून घाट दिसेल. पण बरं झालं बोललात. नुसतं “हिरवं नको” सांगून कपड्यांचं भागत नाही, पोपटी, शेवाळी, मोरपंखी सगळी नावं घेऊन नको म्हणावं लागतं. हळदी भोकं पाडत नाही पण त्यात हिरवा बराच असतो, डीस्पिल केलं की नारिंगीकडे जाते. वहिनींची ट्रायलची साडी कोणती होती?

क्रोमावाली, इंदूर
ऑफ व्हाइट रेशमी, जरीचे काठ.

लाइटवाला, परदेशीपुरा
मग झाक पकडायला याहून वाईट काही नाही, पांढरं आणि चकाकतं, जरी तर आरसाच. डाळिंबी किंवा जांभळी सुती घ्या, जरी बारीक.

माई, ग्वाल्हेर
अगं पण एकपात्री कुणाचं आहे? नवी नवरी असेल तर हातात हिरवा चुडा आला, तो काढायला सांगू नका बाई. आमच्या मंडळात एका मुलीला लाल बांगड्या घालून उभं केलं होतं, सगळ्या बायकांना ते खटकलं.

क्रोमावाली, इंदूर
माई, नवी नवरीच आहे, चुडा हवाच आहे. आणि तो काचेचा, म्हणजे हिरवाही आणि आरपारही. काय करू कळत नाहीये.

एडिटर, बडोदा
निळा पडदा घ्या ना, संपलं.

लाइटवाला, परदेशीपुरा
जमेल, चुडा त्याने वाचेल. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरवे ठिपके निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून निळ्यात दाणे लवकर दिसतात आणि पडद्यावर उजेड जास्त द्यावा लागतो. तुमच्याकडे लाइट किती हे बघूनच ठरवा. साडीत जांभळाही मग चालणार नाही, डाळिंबीच. दुसरा मार्ग, गडद बाटली हिरवा चुडा आणि हात अंगासमोर ठेवून अभिनय, तिथे मास्क लावून चुडा वाचवता येतो. हात पडद्यासमोर गेला की फ्रेमन् फ्रेम हाताने करावं लागेल, ते 12 मिनिटांच्या भागाला मी करणार नाही.

माई, ग्वाल्हेर
नवी नवरी हात पोटाशीच धरेल की गं.

एडिटर, बडोदा
‘कड’ बद्दल मात्र शंका आहे, साडीची कड, पदराची कड, सेटवर गोंधळ होणार. मी ‘रेघ’ म्हणेन.

क्रोमावाली, इंदूर
कड की रेघ ते राहू द्या थोडं. आज संध्याकाळी कागद धरून बघितलं, तीन फुटांवर पोपटी, सहावर हिरवट, आठावर करडा. भाच्याला सांगितलंय, मी “झाक!” ओरडले की कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, वहिनींना मागचं पाऊल पुढे. निळं कापड उद्या बघून येते, चुडा दोन्हीसमोर धरून बघणार.